न्हावाशेव्यात कंटेनर अडकलाय, सीएचएला नक्की काय लिहून पाठवायचं?

भोसरीकर

भोसरीत माझं छोटं युनिट आहे. इंडस्ट्रियल व्हॉल्व्ह जोडून, टेस्ट करून विकतो. सुटे भाग थायलंडच्या एका कारखान्यातून येतात, पण बिल हाँगकाँगच्या ट्रेडरचं असतं, कारण ऑर्डर त्याच्यामार्फत जाते. या वेळी पहिल्यांदाच आसियान कराराची ड्यूटी सवलत लावली. थायलंडहून ओरिजिनचं सर्टिफिकेट (फॉर्म एआय) व्यवस्थित आलं होतं.

वीस फुटी कंटेनर उतरला, बंदराबाहेरच्या कंटेनर यार्डात म्हणजे सीएफएसला गेला, कस्टम्सकडे आयातीची बिल ऑफ एंट्री म्हणजे बीई फाइल झाली आणि तिथेच सगळं थांबलं. सीएचए म्हणजे आमचा कस्टम्स ब्रोकर, त्याच्या ऑफिसातून एकच उत्तर मिळतं, "ग्रुपमध्ये क्वेरी आहे, बघतोय सर." कोणता ग्रुप, कसली क्वेरी, काय बघताय, काही कळत नाही. मी पाठवत असलेला मेसेज साधारण असा:

"नमस्कार, आपल्या कंटेनरचं काय झालं? पार्टी थांबली आहे. कृपया अर्जंट अपडेट द्या."

उत्तर येतं, पण त्यात काही नसतं. तिकडे शिपिंग लाइन आणि सीएफएसचं मीटर चालूच आहे. या लोकांना असं काय लिहावं की हातात काहीतरी ठोस येईल? कोणी या कामात असेल तर सांगा.

सडेतोड

सीएचए बदला, दुसरं काय. हे लोक पन्नास पार्ट्या धरतात आणि एकाकडेही लक्ष देत नाहीत.

आणि मीटरचं टेन्शन घेऊ नका. कस्टम्सने माल अडवला असेल तर सीएफएस डेमरेज, म्हणजे मुदतीनंतरचं भाडं, लावूच शकत नाही. २००९ सालचे रेग्युलेशन्स आहेत, त्यात स्पष्ट लिहिलंय. कस्टम्सकडून पत्र घ्या आणि सीएफएसच्या काउंटरवर ठेवा. आम्ही एकदा असंच सोडवलं होतं.

राधिका_नाशिक

माझाही अगदी हाच प्रॉब्लेम आहे! भावाने जर्मनीहून पाठवलेलं पार्सल मुंबईत अडकलंय. ट्रॅकिंगवर नुसतं "क्लिअरन्स डिले" दिसतं. आत कपडे आणि एक कॉफी मशीन आहे. मी कोणत्या सीएचएला लिहू? न्हावाशेव्याला जावं लागेल का?

गेटपास

राधिकाताई, तुमचं प्रकरण वेगळं आहे. कुरिअरने आलेल्या पार्सलची एंट्री कुरिअर कंपनीच भरते, म्हणजे तुमचा ब्रोकरही तीच. एअर वेबिल नंबर देऊन तिच्या क्लिअरन्स विभागाला विचारा की केवायसी बाकी आहे का आणि मशीनचं बिल हवंय का. बहुतेक वेळा या दोनातलंच एक असतं. न्हावाशेव्याला जायचं काही कारण नाही.

आता भोसरीकर. उरणला एका ब्रोकर फर्ममध्ये माझी बरीच वर्षं गेली, जी कार्ड या कस्टम्सच्या ओळखपत्रावर. त्यामुळे तुमचा तो मेसेज ज्याच्या मोबाइलवर जातो, त्या खुर्चीतूनच सांगतो. त्या मुलाकडे एका वेळी चाळीस-पन्नास फाइली असतात. "आपल्या कंटेनरचं" म्हटलं की कोणता कंटेनर, हे त्याला शोधावं लागतं. बीई नंबरासकट आलेला मेसेज तो आधी उघडतो, कारण तो स्क्रीनवर टाकला की लगेच उत्तर दिसतं. बाकीच्यांना "बघतोय सर".

दुसरी गोष्ट, "अडकला" याला काही अर्थ नाही. माल चार-पाच वेगवेगळ्या जागी अडकतो आणि प्रत्येक ठिकाणचा माणूस वेगळा. असेसमेंटमध्ये, म्हणजे ड्यूटी ठरवताना, क्वेरी असेल तर उत्तर तुम्ही द्यायचं. असेसमेंट होऊन ड्यूटी भरायची राहिली असेल तर चलन तुमच्या हातात. ड्यूटी भरून तपासणी राहिली असेल तर ती सीएफएसमधल्या डॉक ऑफिसरकडे. आउट ऑफ चार्ज, म्हणजे कस्टम्सची माल सोडायची परवानगी, मिळूनही माल निघत नसेल तर बहुतेक लाइनची डिलिव्हरी ऑर्डर किंवा सीएफएसचं बिल. तुमचा ब्रोकर यातल्या एकाच टप्प्यावर काही करू शकतो आणि तुम्ही त्याला सगळ्यांचं विचारताय.

म्हणून आधी स्वतः बघा. कस्टम्सच्या ICEGATE पोर्टलवर लॉगिन न करताही बीईची स्थिती दिसते. लोकेशनला न्हावाशेव्याचा कोड INNSA1, मग बीई नंबर आणि तारीख. करंट क्यू काय आहे, क्वेरी रेझ्ड आहे का आणि तिचं उत्तर गेलंय का, हे बघून इथे टाका. नंबर टाकू नका.

सडेतोड, तुमच्या नियमावर नंतर बोलू. तो अर्धा बरोबर आहे.

भोसरीकर

पाहिलं. बीई असेसमेंटमध्येच आहे, क्वेरी उठलेली दिसते आणि तिचं उत्तर गेलेलं नाही. म्हणजे "ग्रुपमध्ये बघतोय" म्हणत होते तेव्हा चेंडू आमच्याच कोर्टात होता!

क्वेरीचा मजकूर जसाच्या तसा मागितला. तासाभरात स्क्रीनशॉट आला. अधिकाऱ्याचं म्हणणं असं: ओरिजिन सर्टिफिकेटवरचा इनव्हॉइस नंबर आणि बीईला जोडलेला इनव्हॉइस नंबर जुळत नाहीत, खुलासा करा. शिवाय कॅरोटारचा फॉर्म वन अपलोड करा.

सर्टिफिकेटवर थाई कारखान्याच्या बिलाचा नंबर आहे, माझ्याकडे हाँगकाँगचं बिल. तिसऱ्या पक्षाच्या बिलासाठी सर्टिफिकेटवर जी चौकट असते ती रिकामी आहे. थाई लोकांनी टिक केलेलीच नाही.

काजूवाला_वेंगुर्ला

आमचा कच्चा काजू आफ्रिकेतून येतो. गेल्या सीझनला असाच थांबला होता. आमच्यात कस्टम्सची क्वेरी नव्हतीच, प्लांट क्वारंटाइनची एनओसी अडकली होती. फायटोसॅनिटरी सर्टिफिकेटवर फ्युमिगेशनचा तपशील अपुरा होता. मी मात्र आठवडाभर ब्रोकरला "कस्टम्सवाल्यांशी बोला" म्हणून सतावत होतो, आणि तो बिचारा "साहेब, ते कस्टम्सकडे नाहीच" सांगायचा कंटाळला. गेटपासरावांचं म्हणणं पटलं, आधी कुठे अडकलंय ते बघावं.

गेटपास

भोसरीकर, स्क्रीनशॉट मागितलात हे बरं केलंत. क्वेरीचा मजकूर कधीही तोंडी घेऊ नका. तोंडी सांगताना "कागद मागितलेत" एवढंच उरतं.

या क्वेरीचं मूळ समजून घ्या. सप्टेंबर २०२० पासून कॅरोटार नियम लागू आहेत. त्याआधी सर्टिफिकेट दाखवलं की सवलत मिळायची. आता माल खरंच थायलंडमध्ये तयार झालाय, आणि करारात लागणारं मूल्यवर्धन तिथे झालंय, याची माहिती आयातदाराने स्वतः बाळगायची असते. आसियान करारात साधारण नियम ३५ टक्के मूल्याचा आणि त्यासोबत टॅरिफ सबहेडिंग बदलण्याचा आहे. फॉर्म वनमध्ये हेच विचारतात: उत्पादन कसं होतं, कच्चा माल कुठला, कोणत्या निकषावर ओरिजिन. अधिकाऱ्याने माहिती मागितली की दहा कामाच्या दिवसांत द्यायची. ते दिवस क्वेरी उठल्यापासून मोजा, तुम्हाला कळल्यापासून नाही.

हा अधिकारी न्हावाशेव्यातच बसलेला असेल असंही नाही. २०२० पासून फेसलेस असेसमेंट आहे. तुमची फाइल चेन्नईचा किंवा कोलकात्याचा अधिकारी उघडू शकतो. त्यामुळे "जाऊन भेटून या" हा सल्ला ब्रोकरला देण्यात अर्थ नाही. अधिकाऱ्याला सिस्टिममध्ये जे दिसतं तेवढंच त्याच्यापर्यंत पोहोचतं.

आता पत्र. व्हॉट्सॲपवर नको, ईमेलवर. तुमची फाइल बघणाऱ्या माणसाला, सीसी त्या फर्मच्या मालकाला किंवा जी कार्डवाल्याला. मी असं लिहिलं असतं:

*विषय: बीई …४१७, न्हावाशेवा (INNSA1), क्वेरीचं उत्तर आणि पुढची स्थिती*

*नमस्कार मॅडम,*

*वरील बीईवरची क्वेरी तुमच्या स्क्रीनशॉटवरून वाचली. ओळख पटावी म्हणून तपशील खाली देतो.*

*बीई क्रमांक व तारीख, बीएल क्रमांक व तारीख, आयजीएम आणि लाइन नंबर, कंटेनर नंबर (१ x २०), सीएफएस, हाँगकाँग इनव्हॉइस क्रमांक व तारीख, फॉर्म एआय संदर्भ क्रमांक व तारीख, त्यावर छापलेला थाई कारखान्याचा इनव्हॉइस क्रमांक.*

*क्वेरीत दोन मुद्दे आहेत. इनव्हॉइस नंबर जुळत नाही, कारण माल थाई कारखान्याने ट्रेडरला विकला आणि ट्रेडरने आम्हाला. दोन्ही बिलांत मालाचं वर्णन, नग आणि वजन एकच आहे. पुरावा म्हणून कारखान्याचं दोन्ही बिल नंबर जोडून दाखवणारं लेटरहेडवरचं सहीचं पत्र, कारखान्याचं बिल, पॅकिंग लिस्ट आणि लाएम चाबांग ते न्हावाशेवा असं थ्रू बीएल सोबत आहे. दुसरा मुद्दा फॉर्म वनचा. तो भरून, सही-शिक्क्यासह सोबत आहे.*

*कृपया कळवा:*
*१. हे कागद कस्टम्सच्या ई-संचित पोर्टलवर कधी चढतील? प्रत्येकाचा IRN नंबर आणि क्वेरी-उत्तराचा स्क्रीनशॉट पाठवा.*
*२. मूळ सर्टिफिकेट कस्टम्सच्या तुरंत सुविधा केंद्रात दाखवावं लागणार का? लागणार असेल तर कुरिअर आजच काढतो.*
*३. लाइनचे आणि सीएफएसचे फ्री दिवस कोणत्या तारखेला संपले किंवा संपतात? दोन्ही वेगवेगळं सांगा.*
*४. असेसमेंट होऊन बीई ड्यूटीसाठी परत आली की त्याच दिवशी फोन करा. रक्कम तयार आहे.*

*उद्या संध्याकाळी पाचपर्यंत एक ओळ लिहा. काही हललं नसेल तर "बदल नाही" एवढंच लिहिलं तरी चालेल.*

यातली शेवटची ओळ सगळ्यात कामाची. "अपडेट द्या" म्हटलं की समोरच्याला वाटतं काहीतरी चांगलं सांगायला हवं, आणि सांगण्यासारखं नसलं की तो गप्प बसतो. "बदल नाही" लिहायची मुभा दिली की गप्प बसायला कारण राहत नाही.

तीन नंबर मुद्दाम टाकलाय. लाइनचं डिटेन्शन हे डब्याचं भाडं, सीएफएसचं भाडं जागेचं. दोन्ही वेगळ्या तारखांना सुरू होतात. ब्रोकर सहसा दोन्हीला "डेमरेज" म्हणून मोकळा होतो. चौथा यासाठी की बीई ड्यूटी भरायला परत आली की जवळपास दुसऱ्याच दिवशी भरायची असते. उशीर झाला की वर्षाला १५ टक्क्यांनी व्याज.

आणि एक सूचना. "कसंही करून सोडवा", "मॅनेज करा" असलं काही ईमेलवर लिहू नका. ती फाइल पुढे कुणी उघडेल, सांगता येत नाही.

हिशेबी_मीनल

कारखान्यांचे हिशेब बघते म्हणून विचारते. सवलत सोडली तर फरक किती? भोसरीकर, मालाची असेसेबल व्हॅल्यू आणि मूळ ड्यूटीचा दर टाका.

भोसरीकर

व्हॅल्यू १८,४०,००० रुपये. सवलत न लावता बेसिक साडेसात टक्के, करारात शून्य. आयजीएसटी १८ टक्के. लाइन आणि सीएफएस मिळून सध्याच्या टप्प्यात रोज साधारण आठ हजार चढतात, आणि पुढच्या टप्प्यात लाइनचा दर वाढणार आहे.

हिशेबी_मीनल

बेसिक १,३८,०००. त्यावर दहा टक्के सोशल वेल्फेअर सरचार्ज १३,८००. झाले १,५१,८००. या रकमेवर आयजीएसटीही लागतो, म्हणून तो २७,३२४ ने वाढेल. एकूण फरक १,७९,१२४, पण आयजीएसटीचं क्रेडिट मिळतं, त्यामुळे खिशातून खरे जातात ते १,५१,८००.

रोज आठ हजारांनी १९ दिवसांत तुम्ही तेवढेच पैसे लाइन आणि सीएफएसला देऊन बसाल. दर वाढला तर त्याआधीच. माझं मत, पूर्ण ड्यूटी "अंडर प्रोटेस्ट" भरा, माल काढा आणि नंतर रिफंड मागा.

सडेतोड

पण माझ्या मुद्द्याचं काय? डेमरेज माफ होत असेल तर हा हिशेबच चुकीचा आहे.

गेटपास

सडेतोड, २००९ च्या कार्गो हँडलिंग रेग्युलेशन्समध्ये ती तरतूद आहे, यात वाद नाही. पण ती जप्त केलेल्या, डिटेन केलेल्या किंवा कॉन्फिस्केट केलेल्या मालासाठी आहे. असेसमेंटमध्ये क्वेरी आली म्हणजे माल डिटेन झाला असं होत नाही. तसा काही आदेश निघालेला नाही, मग कस्टम्स सर्टिफिकेट कशाच्या आधारावर देणार? तुमच्या वेळी बहुतेक डिटेन्शनचा मेमो निघाला असेल.

सडेतोड

मेमो होता, हे खरं. कस्टम्सच्या तपास शाखेने, एसआयआयबीने, थांबवला होता. पण क्वेरीने काय आणि मेमोने काय, माल थांबतोच ना? हे न्याय्य नाही, एवढंच म्हणतो.

गेटपास

न्याय्य आहे की नाही, यावर वेगळा धागा काढा, मीही लिहीन :)

मीनलताई, हिशेब चोख. पण "भरा आणि नंतर रिफंड मागा" इतकं सोपं राहिलेलं नाही. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने आयटीसीच्या खटल्यात सांगितलं की असेसमेंट आहे तसं ठेवून नुसता रिफंडचा अर्ज चालणार नाही. आधी ते असेसमेंट बदलून घ्यायचं, म्हणजे सहसा कमिशनर अपील्सकडे साठ दिवसांत अपील करायचं. "अंडर प्रोटेस्ट" लिहिल्याने ती पायरी टळत नाही. दीड लाखासाठी अपील करायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं.

मधला रस्ता आहे. ओरिजिन पडताळणीला गेलं तर कॅरोटारमध्येच प्रोव्हिजनल असेसमेंटची सोय आहे. सवलतीचा दर आणि पूर्ण दर यातल्या फरकाएवढी सिक्युरिटी द्यायची, बाँड करायचा आणि माल काढायचा. इथे सिक्युरिटी मीनलताईंच्या पूर्ण आकड्याची, १,७९,१२४ ची. क्रेडिट मिळतं म्हणून आयजीएसटी त्यातून वगळला जाईल, असं धरून चालू नका. पडताळणी तुमच्या बाजूने लागली तर ती सुटते. पडताळणीला मात्र महिने लागू शकतात, तेवढा वेळ पैसे अडकतात.

आणि डब्याचं मीटर आधी थांबवा. सीएचएला विचारा की कस्टम्सची परवानगी घेऊन सीएफएसमध्ये कंटेनर डीस्टफ करता येईल का. माल गोदामात उतरवून रिकामा डबा लाइनला परत केला की डिटेन्शन तिथेच थांबतं. गोदामाचं भाडं चालू राहतं, पण ते सहसा परवडतं. लांबणारच असं दिसलं तर कलम ४९ खाली पब्लिक वेअरहाऊसमध्ये ३० दिवस ठेवायची परवानगीही मागता येते.

भोसरीकर

पत्र जवळपास तुम्ही लिहिलं तसंच पाठवलं. डीस्टफिंगचा प्रश्न पाचवा म्हणून जोडला. दुसऱ्या दिवशी मॅडमचं मुद्देसूद उत्तर आलं. पहिल्यांदाच.

कागद ई-संचितवर चढले, IRN मिळाले, उत्तर गेलं. लाइनचे फ्री दिवस संपलेत, सीएफएसचे त्याआधीच संपले होते. डीस्टफिंगला अर्ज करतील. मूळ सर्टिफिकेट सध्या मागितलेलं नाही.

एकाच गोष्टीवर अडलंय. कारखान्याचं बिल द्यायला ट्रेडर नाराज आहे, त्याचा मार्जिन उघडा पडतो म्हणून. किंमत काळी करून देतो म्हणतो. मॅडम म्हणतात असं बिल अधिकारी परत पाठवेल. कोण बरोबर?

काजूवाला_वेंगुर्ला

आमचा ट्रेडर कायम काळी करूनच देतो. आमच्याकडे चाललं आहे.

गेटपास

दोन्ही बाजूंनी बघितलंय. काही अधिकाऱ्यांना नग, वजन, वर्णन आणि बिल नंबर जुळले की पुरतं, कारण प्रश्न ओरिजिनचा आहे, किमतीचा नाही. काही जण पूर्ण बिलच मागतात. ठाम नियम सांगता येणार नाही.

पण आधी तुमचा फॉर्म एआय नीट बघा. त्यावर कारखान्याची एफओबी किंमत छापली असेल तर बिलावर काळी रेघ मारून काय मिळणार? अधिकाऱ्याच्या हातात तो आकडा आधीच आहे. आणि हाँगकाँगचं बिल जास्त असेल तर तुम्हाला भीती नाही. तुम्ही प्रत्यक्षात दिलेली किंमत तीच आणि ड्यूटी तिच्यावरच लागलीय. कारखान्याची किंमत तुमच्या बिलापेक्षा जास्त निघाली तर मात्र व्हॅल्युएशनचा दुसरा प्रश्न उभा राहील.

भोसरीकर

छापली आहे! नवव्या रकान्यात. आमच्या बिलापेक्षा अकरा टक्क्यांनी कमी. ट्रेडरला फोटो काढून पाठवला, आता तो गप्प आहे.

दुसरं, थाई कारखाना म्हणतो की चौकट टिक केलेलं दुरुस्त सर्टिफिकेट मिळवता येईल, पण त्यांच्या सरकारी खात्याकडून यायला वेळ लागेल. थांबू का?

हिशेबी_मीनल

थांबायचं तर रोजचे आठ हजार लक्षात ठेवून थांबा. डीस्टफिंग झालं तर माझा १९ दिवसांचा आकडा पुढे सरकेल, तो नवीन भाड्यावर पुन्हा मांडा.

सडेतोड

मला अजूनही वाटतं की सीएचए बदलायला हवा. बीई फाइल करायच्या आधी चेकलिस्ट पाठवतात ना? तेव्हाच सर्टिफिकेट आणि बिल शेजारी ठेवून बघितलं असतं तर ही वेळच आली नसती.

गेटपास

यावर मी सडेतोडांच्या बाजूने आहे. चेकलिस्ट मंजूर करताना बहुतेक आयातदार फक्त ड्यूटीचा आकडा बघतात, पण कागदांतली विसंगती दाखवून देणं हे ब्रोकरचंच काम. ब्रोकर रेग्युलेशन्समध्येही पक्षकाराला नीट सल्ला देणं हे कर्तव्य म्हणून लिहिलंय. अर्थात या टप्प्यावर बदलू नका. फाइल अर्ध्यात दुसऱ्याकडे गेली की आठवडा त्यातच जातो.

भोसरीकर, दुरुस्त सर्टिफिकेट मागवा, पण त्याची वाट बघत बसू नका. आता क्वेरीचं उत्तर गेलंय, अधिकारी काय म्हणतो ते दोन-तीन दिवस बघा. बीई नुसतीच पडून राहिली तर ICEGATE वर निनावी एस्कलेशनची सोय आहे. अधिकारी कोण, हे तुम्हाला कळत नाही, पण उशीर वरच्यांना दिसतो. आधी ब्रोकरला सांगा, मगच वापरा. त्याच्या मागून तक्रार गेली तर तुमचं काम करायचा त्याचा उत्साह राहत नाही.

राधिका_नाशिक

माझं पार्सल सुटलं! केवायसीच बाकी होतं. थँक्यू गेटपासकाका. कॉफी मशीनवर ड्यूटी लागली पण ठीक आहे.

भोसरीकर

अपडेट. डीस्टफिंगची परवानगी मिळाली, डबा रिकामा होऊन लाइनच्या यार्डात गेला, त्या बाजूचं मीटर थांबलं. ट्रेडरने शेवटी पूर्ण बिल दिलं, तेही अपलोड झालं.

अधिकाऱ्याची दुसरी क्वेरी आली. फॉर्म वनमध्ये ३५ टक्के लिहिलेत, त्याचा खर्चाचा तपशील द्या. कारखाना आम्हाला खर्चाचा तपशील देणार नाही हे स्पष्ट आहे. म्हणतात, विचारायचं असेल तर तुमच्या सरकारने आमच्या सरकारला विचारावं.

गेटपास

म्हणजे पडताळणीकडेच चाललंय. कारखान्याचं ते वाक्य ईमेलवर लेखी घ्या आणि क्वेरीच्या उत्तराला जोडा. तुमच्याकडे होतं ते सगळं दिलंत, उरलेलं कारखाना फक्त त्याच्या सरकारी यंत्रणेलाच देईल, असं लिहा. त्याच उत्तरात प्रोव्हिजनल असेसमेंटची विनंती करा, वेगळ्या पत्राने नको. सिक्युरिटी बँक गॅरंटीने की रोखीने, हे मॅडमना विचारा आणि बाँडचा मसुदा त्यांच्याकडूनच घ्या. प्रत्येक ठिकाणचा मसुदा थोडा वेगळा असतो आणि स्वतः बनवलेला परत येतो.

हिशेबी_मीनल

बँक गॅरंटी घेणार असाल तर बँक मार्जिन किती मागते आणि कमिशन किती, ते आधी विचारा. पडताळणी वर्षभर चालली तर गॅरंटी रिन्यू करावी लागेल. एवढ्या रकमेला मी रोख डिपॉझिटच बघेन.

भोसरीकर

मेल आत्ताच गेला. विषयात बीई नंबर, खाली तीन प्रश्न, शेवटी पाचची वेळ. गॅरंटीसाठी उद्या बँकेत जातोय, डिपॉझिट चालतं का तेही मॅडमना विचारलंय. दुरुस्त सर्टिफिकेटबद्दल थायलंडहून अजून काही नाही. आलं तर टाकतो.